आठ वर्षं न बोललेल्या मैत्रिणीला वाढदिवसाचा मेसेज करायचाय, काय लिहू?

मृण्मयी_घोडबंदर | शनिवार १९ जुलै, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. एरवी मी फक्त वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझी एक मैत्रीण आहे, तिला आपण 'व' म्हणू. कॉलेजपासून एकत्र, मग दोघींना ऐरोलीला नोकरी लागली. ट्रान्स-हार्बर तेव्हा नुकतीच सुरू झालेली, ठाणे स्टेशनच्या त्या टोकाच्या फलाटावर रोज भेटायचो आणि वडापाव अर्धा अर्धा खायचो. २६ जुलै २००५ ला आम्ही दोघी ऐरोलीहून चालत घरी आलो, दिघा, विटावा, कळव्याचा पूल. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली कमरेएवढं पाणी होतं. त्यात माझ्या चपलेचा पट्टा तुटला तर हिने स्वतःच्या केसातला रबर काढून माझ्या पायाला चप्पल बांधून दिली आणि पुढचा सगळा रस्ता तोंडावर आलेले ओले केस मागे सारत चालत राहिली. ही अशी मैत्रीण.

२०१७ मध्ये तिची आई आजारी पडली, वाशीला हॉस्पिटलमध्ये एकोणीस दिवस होती. माझं बाळ पाच महिन्यांचं होतं. मी एकदाही गेले नाही. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. ऑगस्टमध्ये काकू गेल्या. मी तेराव्याला गेले तेव्हा व दारातच म्हणाली, "आता आलीस?" मला ते इतकं लागलं की पाच मिनिटं बसून उठले. त्यानंतर तिने फोन केला नाही आणि मीही नाही. चूक माझी होती हे कळायला मला दोनेक वर्षं लागली आणि मग वाटायला लागलं की आता कुठल्या तोंडाने करू.

येत्या गुरुवारी, २४ ला तिचा वाढदिवस. दर वर्षी मेसेज लिहून खोडते. या वर्षी पाठवायचाच आहे. ती नेरुळला असते एवढंच माहीत आहे. हा मसुदा बघा:

"प्रिय व, मला माहीत आहे की मला हा मेसेज करायचा हक्क नाही. पण मी तेव्हा कोणत्या परिस्थितीत होते हे मला तुला कधी सांगताच आलं नाही. बाळ लहान होतं, घरी कोणी नव्हतं, मी रोज निघायचं ठरवायचे. मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही. तुझ्या मनात माझ्याबद्दल अजून राग आहे का? प्लीज एकदा बोल. आणि वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा."

कसा वाटतो? काय काढू, काय घालू?

आंबटगोड | शनिवार, रात्री ११.०४

पाठव गं. रडवलंस.

पाचपाखाडीचा_पप्या | शनिवार, रात्री ११.१५

ताई नेरुळला सेक्टर कुठला? स्टेशनजवळ केकची दोन-तीन दुकानं आहेत, रात्री बारापर्यंत घरपोच देतात. अर्धा किलोचा पाठवा, वर नाव घालून मिळतं. मेसेजपेक्षा केक भारी.

मृण्मयी_घोडबंदर | शनिवार, रात्री ११.१९

@पप्या, अरे पत्ताच नाहीये रे माझ्याकडे. आणि आठ वर्षांनी दारात एकदम केक म्हणजे तिला दचकल्यासारखं होईल.

सुलूमावशी | रविवार, सकाळी ६.४०

मृण्मयी बाळ, मेसेज कसले करत बसलीस. फोन लाव आणि सरळ बोल. आवाज ऐकला की निम्मा राग तिथेच जातो. आमच्यात जाऊबाईंशी चार वर्षं अबोला होता, मीच एका सकाळी फोन केला, म्हटलं वाढदिवस आहे ना आज, जेवायला काय केलंय? तेवढ्यावर मिटलं.

बॅच_९४ | रविवार, सकाळी ९.३०

सुलूमावशी, जाऊबाई घरातल्या, कुठल्या ना कुठल्या कार्याला भेटणारच होत्या. इथे तसं नाही. फोन वाजला की समोरच्याला त्याच सेकंदाला ठरवावं लागतं, घ्यायचा की नाही, गोड बोलायचं की मनातलं काढायचं. वाढदिवशी घरात माणसं असतात, हातात पोळीचं पीठ असतं. मेसेज तिला वेळ देतो, म्हणून पहिली हाक मेसेजच.

मी हे कुठून बोलतोय ते सांगतो. आमच्या दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन करायचं ठरलं तेव्हा वर्गातले हरवलेले लोक शोधायचं काम माझ्याकडे आलं. पन्नासेक जणांना मी एकेक करून मेसेज केले, त्यातल्या बऱ्याच जणांशी वीस वर्षं बोललो नव्हतो आणि दोघांशी तर चांगलंच वाजलेलं होतं. पहिले दहा-बारा मेसेज मी लांबलचक लिहिले, सगळा इतिहास घालून. त्यांना उत्तरं सगळ्यात कमी आली. नंतर एकाने भेटल्यावर सांगितलं, "तुझा मेसेज वाचून वाटलं की निवांत बसून नीट उत्तर द्यायला हवं, आणि ते निवांत बसणं राहूनच गेलं." तेव्हापासून मी तीन-चार ओळींवर आलो.

आता तुझा मसुदा. त्यात मी, मला, माझ्याबद्दल मोज. सात वेळा आलंय. आणि शुभेच्छा सगळ्यात शेवटी, "आणि" लावून. म्हणजे वाढदिवस तिचा आणि मेसेज तुझ्याबद्दल. "राग आहे का" हा प्रश्न तर फारच जड. ती "नाही" म्हणाली तर खोटं बोलल्यासारखं, "हो" म्हणाली तर आपल्याच वाढदिवशी भांडण काढल्यासारखं. मग ती काहीच म्हणणार नाही. बाळ लहान होतं हे खरं आहे, पण ते वाचून तिला तुला निर्दोष ठरवावं लागतं. हे काम तिच्याकडे वाढदिवशी देऊ नको.

माझ्या मते पहिल्या मेसेजमध्ये तीन गोष्टी पुरतात. सुरुवातीलाच शुभेच्छा, मग फक्त तुम्हा दोघींनाच माहीत असेल अशी एक आठवण, आणि उत्तर नाही दिलं तरी चालेल असा शेवट. तुझ्याकडे तर केसांचा रबर आहे. त्याहून चांगलं काय हवंय?

खाडीकाठ | रविवार, सकाळी १०.१२

तिचा डीपी दिसतो का ते आधी बघ. दिसत नसेल तर तिने ब्लॉक केलंय, मग एवढी मेहनत फुकट.

टिकटिक | रविवार, सकाळी १०.४०

@खाडीकाठ, नाही हो, एवढ्यावरून कळत नाही. बरेच जण डीपी फक्त सेव्ह केलेल्या लोकांना दिसेल असं सेटिंग ठेवतात. तिने फोन बदलला आणि मृण्मयीताईंचा नंबर नव्या फोनमध्ये आला नाही, एवढंच असलं तरी डीपी दिसणार नाही. ब्लॉक केल्यावर मेसेजला एकच टिक राहते हे बरोबर, पण फोन बंद असला किंवा नेट नसलं तरी एकच टिक राहते. व्हॉट्सॲपने हे मुद्दामच मोघम ठेवलंय, ज्याने ब्लॉक केलं त्याला त्रास नको म्हणून.

यातून एक गोष्ट मात्र निघते. तिच्याकडे नंबर सेव्ह नसेल तर तिला अनोळखी नंबरवरून मेसेज आलेला दिसेल, त्यामुळे खाली स्वतःचं नाव लिहा. "ओळखलंस का?" तर अजिबात नको, असे मेसेज हल्ली फसवणूकवालेच करतात.

खाडीकाठ | रविवार, सकाळी १०.५५

बरं, हे नव्हतं माहीत. म्हणजे मी चार वर्षं एका मित्राबद्दल उगाच समज करून बसलोय की काय.

पारसिकपलीकडे | रविवार, दुपारी १२.२०

आणि नंबर तिचाच आहे ना हे बघा आधी. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते. मी एका मित्राला वाढदिवसाचा भलामोठा मेसेज केला, मुलाखत द्यावी तसा मनातलं सगळं, आणि उत्तर आलं "भाईसाब मैं तो भिवंडी से इरफान बोल रहा हूँ, लेकिन आपका मैसेज बहुत अच्छा था." भला माणूस होता, पण मला दोन दिवस कसंतरीच झालं.

यूपीआयच्या ॲपमध्ये नंबर टाकला की बँकेतलं नाव येतं, पैसे पाठवावे लागत नाहीत, फक्त नाव बघायचं आणि बाहेर यायचं.

निशिगंध | रविवार, दुपारी १२.४८

हे मला पटलं नाही. एखादी आपल्याशी बोलत नाही आणि आपण गुपचूप तिचं बँकेतलं नाव बघायचं? सरळ एखाद्या कॉमन मैत्रिणीला विचारावं.

बॅच_९४ | रविवार, दुपारी १.३०

दोन्हीत अडचणी आहेत. यूपीआयमध्ये कधी नवऱ्याचं नाव येतं, कधी काहीच येत नाही, म्हणजे तो पक्का पुरावा नव्हे. कॉमन मैत्रिणीला विचारलं की ती हमखास तिला आधी सांगते, "अगं मृण्मयी तुझा नंबर विचारत होती," आणि तुझा मेसेज पोचायच्या आधी गावभर चर्चा. मी विचारताना एवढंच विचारायचो, नंबर हाच ना, आणि घरी सगळं ठीक ना. दुसरा प्रश्न महत्त्वाचा. एकाला मी हसतंखेळतं लिहून बसलो आणि त्याचे वडील जाऊन पंधरा दिवस झाले होते.

आणि तारीख खरी ना? आमच्या बॅचमध्ये चार जणांचे वाढदिवस १ जूनला निघाले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख, आणि फेसबुकवरही तीच. दर वर्षी १ जूनला शुभेच्छांचा ढीग येतो आणि खऱ्या तारखेला फक्त बायकोचा फोन.

मृण्मयी_घोडबंदर | रविवार, दुपारी २.०५

तारीख पक्की आहे. २००५ ला तिच्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी आम्ही ते पाणी तुडवलं, नवा ड्रेस होता तिचा, पार गेला. एका मैत्रिणीला विचारते नंबरबद्दल, ती कमी बोलणारी आहे.

बॅच_९४ दादा, सात वेळा 'मी' हे वाचून पोटात खड्डा पडला. खरंच मोजलं मी.

भाग्यश्री_कोपरी | रविवार, रात्री ९.१५

मी हा धागा सकाळपासून तीनदा उघडून बंद केला. मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे 'व'च्या जागची. म्हणून लिहितेय.

माझे बाबा गेले तेव्हा माझी अगदी जवळची मैत्रीण आली नाही. कारण काय होतं मला आजही माहीत नाही. मग अकरा वर्षांनी माझ्या वाढदिवसाला तिचा मेसेज आला. फुलांचं चित्र, "हॅप्पी बर्थडे डिअर, हाऊ आर यू, भेटू या एकदा." इतका राग आला मला. म्हणजे जणू काही झालंच नव्हतं, आपण गेल्या आठवड्यात भेटलो होतो. मी उत्तर दिलं नाही. त्या मेसेजमध्ये बाबांचं नाव असतं तर दिलं असतं.

बॅच_९४ यांचं लहान मेसेजचं म्हणणं पटतं, पण नुसता केसांचा रबर पाठवला आणि काकूंबद्दल चकार शब्द नाही, तर मला तरी ते टाळल्यासारखं वाटेल. आणि आणखी एक, आईवडील गेल्यावर आपल्या वाढदिवशी त्यांचीच आठवण सगळ्यात जास्त येते. सकाळी पहिलं औक्षण करणारं माणूस नसतं. त्या दिवशी कोणी "काकू" म्हणून आठवण काढली तर बरं वाटतं हो, दुखत नाही.

बॅच_९४ | रविवार, रात्री १०.२०

भाग्यश्री, हा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता. तरी मला थोडी धास्ती आहे. काकूंचं नाव काढलं की माफीचा विषय उघडतो, आणि उघडला की मृण्मयी पुन्हा सात वेळा मी लिहिणार. काकूंची आठवण हवी असेल तर काकूंचीच असू दे. हॉस्पिटल नाही, तेरावा नाही, "मी यायला हवं होतं" नाही. काकू जिवंत असतानाची एखादी गोष्ट.

निशिगंध | रविवार, रात्री १०.३१

मग माफी कधी मागायची? कधीच नाही?

बॅच_९४ | रविवार, रात्री १०.४४

माफी मागायचीच, पण वेगळ्या दिवशी. काकू ऑगस्टमध्ये गेल्या म्हणतेय ना ती. तो दिवस महिन्याभरात येईल. वाढदिवशी दार फक्त किलकिलं करायचं.

भाग्यश्री_कोपरी | रविवार, रात्री १०.५८

त्या दिवशी माफी? मला नाही वाटत. वर्षश्राद्धाच्या दिवशी घरात काय चालू असतं माहीत आहे ना. मला विचाराल तर माफी समोरासमोर, चहाचा कप हातात असताना. मेसेजवरची माफी मला वाचवतच नाही.

सुलूमावशी | सोमवार, सकाळी ६.१५

मी तेच म्हणत होते, समोरासमोर. आणि नाहीतर संक्रांतीपर्यंत थांब की. तिळगूळ घ्या गोड बोला म्हणायला कुणी हरकत घेत नाही, आपल्याकडे ती सोय मुळात त्यासाठीच तर केलेली आहे.

टिकटिक | सोमवार, सकाळी ९.०५

मावशी, हल्ली संक्रांतीला प्रत्येकाच्या फोनवर दोनशे तिळगूळ येऊन पडतात. त्यात ताईंचा एक, वाटेल की सगळ्या यादीला गेला. वाढदिवस निदान तिचा एकटीचा असतो. त्यातही चित्र, जीआयएफ, चारोळी काही नको, हाताने टाइप केलेलं साधं वाक्य. आणि रात्री बाराच्या ठोक्याला नको, तो मान घरच्यांचा आणि रोजच्या मित्रांचा. सकाळीही ढीग असतो. दुपारी तीन-साडेतीनला टाका.

आंबटगोड | सोमवार, सकाळी ९.४०

तीन साडेतीनला नेरुळच्या ऑफिसात सगळे पेंगत असतात, मेसेज नक्की वाचला जाईल.

अवंती_मुलुंडचेकनाका | सोमवार, सकाळी ११.१०

यावर अभ्यास झालेला आहे, मी शिकवण्याच्या निमित्ताने वाचलाय. लारा ॲकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोघींचा, २०२४ चा. जुन्या मित्राशी पुन्हा बोलावं असं ज्यांना वाटतं, नंबर आहे, समोरच्यालाही आवडेल असं वाटतं, अशा लोकांना मेसेज लिहायला वेळ दिला, तरी तिसरा हिस्सा लोकांनीही तो पाठवला नाही. म्हणजे मृण्मयी, दर वर्षी लिहून खोडणारी तू एकटी नाहीस. त्यांनी मग एक साधा उपाय करून बघितला. काही जणांना आधी तीन मिनिटं सध्याच्या मित्रांना मेसेज करायला लावले आणि त्यानंतर जुन्या मित्राला. अशांपैकी निम्म्याहून जास्त जणांनी पाठवला. हात मोकळा होतो बहुतेक. गुरुवारी तू पण आधी दोन-तीन मैत्रिणींना काहीबाही लिही आणि त्याच ओघात तिला पाठव.

भाग्यश्री_कोपरी | सोमवार, सकाळी ११.३५

छान आहे हे. पण अवंती, त्यात समोरच्याला आवडेल असं वाटणारेच मित्र होते ना? इथे 'व'ला आवडेल की नाही तेच तर माहीत नाही.

अवंती_मुलुंडचेकनाका | सोमवार, सकाळी ११.५०

हो, खरंय. भांडलेल्यांना हे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणणार नाही. तीन मिनिटांची युक्ती फक्त हिचं बोट पाठवण्याच्या बटणापर्यंत न्यायला उपयोगी, पुढचं तिच्या हातात.

मृण्मयी_घोडबंदर | बुधवार, रात्री ११.२५

नंबर तोच आहे, घरी सगळं ठीक आहे. मैत्रिणीने बाकी काही विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

तीन दिवस खोडाखोड करून हे उरलंय:

"व, वाढदिवसाच्या खूप शुभेच्छा गं. परवा विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलेलं पाहिलं आणि तुझा केसांचा रबर आठवला. काकूंच्या नारळाच्या वड्यांची पण फार आठवण आली, तुझ्या वाढदिवसाला डबा भरून आणायचीस. आजचा दिवस छान जाऊ दे. घाईने उत्तर द्यायची काही गरज नाही. मृण्मयी"

बॅच_९४ | बुधवार, रात्री ११.४०

'मी' एकदाही नाही. पाठव. फक्त "घाईने उत्तर द्यायची गरज नाही" हे काढ. मीच सांगितलं होतं तसा शेवट कर म्हणून, पण आता वाचताना त्यातून उत्तराची वाट बघतेय हेच दिसतंय. "दिवस छान जाऊ दे" इथेच थांबलं तर तेच आपोआप कळतं.

भाग्यश्री_कोपरी | बुधवार, रात्री ११.५२

वड्यांची ओळ वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. हा मेसेज मला आला असता तर मी उत्तर दिलं असतं. त्याच दिवशी नाही, पण दिलं असतं.

मृण्मयी_घोडबंदर | गुरुवार २४ जुलै, दुपारी ३.४१

पाठवला. आधी बहिणीला आणि ऑफिसातल्या दोघींना पावसाबद्दल काहीतरी लिहिलं आणि मग लगेच. दोन टिक आल्या. हात थरथरतायत.

टिकटिक | गुरुवार, दुपारी ३.४५

आता ती चॅट आर्काइव्ह करून टाका ताई, सारखी समोर नको. आणि काही झालं तरी डिलीट करू नका, "मेसेज डिलीट केला" असं तिथे दिसत राहतं आणि ते जास्त वाईट.

मृण्मयी_घोडबंदर | शुक्रवार, रात्री १०.१०

काल संध्याकाळीच निळ्या झाल्या. उत्तर नाही. एक साधा मेसेज टाकू का, की काही मनावर घेऊ नको वगैरे?

बॅच_९४ | शुक्रवार, रात्री १०.१४

नाही. अजिबात नाही. दुसरा मेसेज गेला की पहिल्याचा हिशेब मागितल्यासारखं होतं. माझ्याशी वाजलेल्या त्या दोघांपैकी एकाचं उत्तर पाच आठवड्यांनी आलं आणि दुसऱ्याचं आलंच नाही, अजून नाही. दुसऱ्याला मी पुन्हा लिहिलेलं नाही. वाचलं आणि बोलला नाही, हेही त्याचं उत्तरच आहे आणि ते मला मान्य करावं लागलं.

सुलूमावशी | शनिवार, सकाळी ६.२०

आज २६ जुलै. वीस वर्षं झाली त्या पावसाला. आमचे हे त्या रात्री भांडुपला अडकले होते, कोणा अनोळखी बाईने चहा-पोहे दिले आणि झोपायला सतरंजी. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं, अजून हळहळतात.

पाचपाखाडीचा_पप्या | शनिवार, सकाळी ९.००

मी तेव्हा सातवीत होतो, शाळेतच झोपलो. आई दुसऱ्या दिवशी न्यायला आली ती गुडघाभर चिखलात. असो. ताई काही कळलं का?

मृण्मयी_घोडबंदर | शनिवार, रात्री ९.३५

आलं.

दुपारी नुसतं "थँक्यू" आलं. पुढे काही नाही, नाव नाही, 'गं' पण नाही. ते बघून मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले थोडा वेळ. काहीच लिहिलं नाही, तुमचं सगळ्यांचं ऐकून. आत्ता पावणेनऊला दुसरा आला. तसाच्या तसा देते:

"त्या वड्यांचं प्रमाण आईने तुला लिहून दिलं होतं ना? माझ्याकडे नाहीये. मी करते त्या भुसभुशीत होतात."

एवढंच.

भाग्यश्री_कोपरी | शनिवार, रात्री ९.३८

अगं!!!

आंबटगोड | शनिवार, रात्री ९.४०

फोन लाव आता!

बॅच_९४ | शनिवार, रात्री ९.४६

फोन नको, अजून नको. तिने जे विचारलंय तेच दे. प्रमाण दे, नीट दे, त्यात माफी घुसडू नको आणि "भेटून करू या" पण नको. भुसभुशीत का होतात ते माहीत असेल तर ते सांग. आहे ना ते लिहिलेलं तुझ्याकडे?

मृण्मयी_घोडबंदर | शनिवार, रात्री १०.५५

आहे. जुन्या डायरीत, काकू सांगत होत्या आणि मी लिहून घेत होते, पानावर तुपाचा डाग आहे. पानाचा फोटो पाठवायचा विचार होता पण मग टाइपच केलं, कारण डागामुळे एक ओळ वाचता येत नाही. हे पाठवलं:

"दोन वाट्या ओलं खोबरं, फक्त पांढरं. दीड वाटी साखर, अर्धी वाटी दूध, वेलची. सगळं एकत्र मंद आचेवर. कडेने कोरडं दिसलं तरी उतरवायचं नाही, मधे गोळा होऊन कढई सोडायला लागला की मग. उतरवल्यावर दोन मिनिटं घोटायचं आणि गरम असतानाच थापायचं. काकू म्हणायच्या, तुझ्या भुसभुशीत होतात कारण तू शेवटपर्यंत ढवळत बसतेस."

शेवटचं वाक्य डायरीत खरंच तसंच आहे, पण तिथे ते तिच्याबद्दल आहे. काकूंनी तिच्याबद्दल मला सांगितलेलं.

निशिगंध | शनिवार, रात्री ११.०२

दोन टिक?

मृण्मयी_घोडबंदर | शनिवार, रात्री ११.२०

निळ्या. वर "टायपिंग" दिसतंय, थांबतंय, परत दिसतंय. मी फोन उलटा करून ठेवलाय.